जिनसेंग, रोडिओला आणि थकव्याचं मोजमाप

अमेरिकेत ह्यूस्टन शहरात एम. डी. अँडरसन हे कर्करोगाचं मोठं रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये एका छोट्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. कर्करोगामुळे गळून गेलेल्या तीस रुग्णांना त्यांनी रोज ८०० मिलिग्रॅम आशियाई जिनसेंगचा अर्क दिला होता. ज्यांच्या नोंदी पूर्ण झाल्या अशा चोवीसपैकी एकवीस जणांचा थकवा पंधरा दिवसांत कमी झाला, म्हणजे शंभरात ८७ जणांचा. कोणत्याही जाहिरातदाराला हवाहवासा वाटेल असाच हा आकडा आहे.

पण या डॉक्टरांना आपल्या अभ्यासातली उणीव माहीत होती. तिथे सगळ्यांनाच जिनसेंग मिळालं होतं आणि सगळ्यांना ते ठाऊकही होतं. म्हणून २०१७ मध्ये त्यांनी तोच अर्क आणि तीच मात्रा घेऊन पुन्हा चाचणी केली. या वेळी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. एका गटाला जिनसेंग दिलं आणि दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि त्याची विचारपूस करणाऱ्या डॉक्टरलाही नव्हतं. अठ्ठावीस दिवसांनी थकव्याच्या प्रश्नावलीचे गुण मोजले गेले. जिनसेंग घेणाऱ्यांमध्ये सरासरी साडेसात गुणांची सुधारणा दिसली आणि प्लासिबो घेणाऱ्यांमध्ये साडेसहा गुणांची. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो.

इथे जरा थांबायला हवं, कारण थकव्यावरच्या कोणत्याही औषधाबद्दल जे ऐकायला मिळतं, त्यातलं बरंच या साडेसहा गुणांत दडलेलं असतं. ही प्रश्नावली बावन्न गुणांची असते आणि तीन-चार गुणांची सुधारणाही रुग्णाला जाणवण्याजोगी मानतात. म्हणजे प्लासिबो घेणाऱ्यांनाही खरंच बरं वाटलं होतं. ते खोटं बोलत नव्हते. मग हे बरं वाटणं कुठून आलं? थकवा रोज सारखा नसतो. तो चढतो आणि उतरतो, आणि माणूस अभ्यासात नाव नोंदवायला किंवा दुकानातून बाटली आणायला जातो तो थकवा अगदी चढलेला असतानाच. त्यानंतर काहीही घेतलं किंवा काहीच घेतलं नाही, तरी पुढचे काही दिवस आधीपेक्षा बरे जाण्याचीच शक्यता जास्त असते. शिवाय दर आठवड्याला कोणीतरी आस्थेने फोन करून ‘कसं वाटतंय?’ विचारतं, त्याचाही आधार होतो. आणि काहीतरी उपाय चालू आहे या विचाराने माणूस चार पावलं जास्त चालतो, जेवतोही नीट. हे सगळं वजा करून जे उरेल, तेवढंच औषधाचं. म्हणून ‘मला जिनसेंगने खूप फरक पडला’ हे सांगणाऱ्याचा अनुभव खरा असला, तरी तो फरक जिनसेंगने पडला हे त्यातून ठरत नाही.

म्हणजे जिनसेंग निरुपयोगी, असा निकाल मात्र लगेच देता येत नाही, कारण त्याच सुमारास दुसऱ्या एका चाचणीचं उत्तर वेगळं आलं होतं.

ही चाचणी अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिकच्या पुढाकाराने चाळीस रुग्णालयांत मिळून झाली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. इथे वनस्पती निराळी होती. जिनसेंग या नावाखाली मुख्यतः दोन मुळं विकली जातात. एक कोरिया आणि चीनमधलं आशियाई जिनसेंग, दुसरं उत्तर अमेरिकेच्या जंगलांतलं आणि आता विस्कॉन्सिन राज्यात मोठ्या प्रमाणावर लावलं जाणारं अमेरिकी जिनसेंग. दोन्ही एकाच कुळातली आणि दोन्हींमधल्या गुणकारी मानल्या जाणाऱ्या रसायनांना जिनसेनोसाइड म्हणतात. पण या रसायनांचे प्रकार अनेक आहेत आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण दोन मुळांत वेगवेगळं असतं. मेयोच्या चाचणीत विस्कॉन्सिनच्या मुळाची शुद्ध पूड वापरली, रोज दोन हजार मिलिग्रॅम, आठ आठवडे. एकूण ३६४ रुग्ण होते. काहींचे कर्करोगाचे उपचार चालू होते, काहींचे पूर्ण झाले होते.

निकाल चौथ्या आठवड्याला पाहायचा हे आधीच ठरलं होतं. शंभर गुणांच्या मापावर तेव्हा जिनसेंग गटात चौदा गुणांची सुधारणा होती आणि प्लासिबो गटात आठ गुणांची. हा फरक खात्रीलायक म्हणता येईल इतका नव्हता. आठव्या आठवड्याला मात्र वीस विरुद्ध दहा असे आकडे आले आणि हा फरक योगायोगाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. ज्यांचे उपचार चालू होते त्यांना लाभ जास्त झाला, ज्यांचे संपले होते त्यांना कमी. चाचणीपुरता तरी दुष्परिणामांत दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही.

माझ्या मते थकव्यावरच्या जिनसेंगचा हा आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, आणि तरीही तो कुठवर जातो हे सांगायलाच हवं. आधी ठरवलेल्या दिवशी उत्तर ‘सिद्ध झालं नाही’ असं आलं आणि नंतरच्या दिवशी ‘झालं’ असं आलं. अशा वेळी दुसरं उत्तर खरं असू शकतं, पण ते पक्कं धरण्याआधी तशीच आणखी एक चाचणी व्हायला हवी. आठ आठवड्यांपर्यंत काही रुग्ण गळतात, तेव्हा टिकून राहिलेल्यांचं चित्र थोडं उजळ दिसू शकतं. ह्यूस्टनची चाचणी अठ्ठावीस दिवसांवरच थांबली होती. ती आठ आठवडे चालली असती तर काय दिसलं असतं, हे तिच्यावरून सांगता येत नाही. मूळ वेगळं, एकात अर्क तर दुसऱ्यात पूड, मात्रा वेगळी, मुदत वेगळी. त्यामुळे या दोन चाचण्या एकमेकींना खोटं पाडत नाहीत. पण दुकानातल्या बाटलीवर नुसतं ‘जिनसेंग’ लिहिलेलं असेल, तर यातली कोणती चाचणी त्या बाटलीला लागू होते हेच कळत नाही.

आणि हे सगळे कर्करोगाचे रुग्ण होते. केमोथेरपीने येणारा थकवा आणि कार्यालय, लोकल व घर यांत पिळून निघालेल्या माणसाचा थकवा यांची कारणं वेगळी आहेत. कर्करोग नसलेल्यांच्या चाचण्या लहान आहेत. कोरियातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये निरोगी आणि आजारी अशा दोन्ही प्रकारच्या लोकांवरच्या बारा चाचण्या एकत्र करून पाहिल्या; सगळे मिळून माणसं होती ६३०. थकवा थोडा कमी झालेला दिसला. शारीरिक क्षमतेत, म्हणजे किती धावता येतं, किती वेळ सायकल मारता येते यात, काहीच फरक नव्हता. ‘ताकद’ आणि ‘स्टॅमिना’ हे शब्द ज्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापतात, त्यांना या आकड्यांचा आधार नाही.

आपल्याकडच्या औषधांच्या दुकानात जिनसेंग बहुधा एकटं येतच नाही. जीवनसत्त्वं आणि खनिजांच्या कॅप्सूलमध्ये ते मिसळलेलं असतं, साधारण चाळीस-पन्नास मिलिग्रॅम अर्काच्या रूपात. अर्क मुळापेक्षा तीव्र असतो, म्हणून तो मुळाच्या पाचपट धरला, तरी ते अडीचशे मिलिग्रॅम मुळाच्या आसपास जातं. मेयोच्या चाचणीतली मात्रा त्याच्या आठपट होती. अशा कॅप्सूलने हुशारी आली असं वाटलं, तर त्याचं श्रेय जिनसेंगला देण्याआधी तिच्यातल्या लोहाचा आणि बी-१२चा विचार करायला हवा. अश्वगंधेला ‘इंडियन जिनसेंग’ आणि एलुथेरो नावाच्या झुडपाला ‘सायबेरियन जिनसेंग’ म्हणून विकतात. ही दोन्ही जिनसेंग नाहीत. त्यांच्यात जिनसेनोसाइड नसतात आणि वर सांगितलेल्या चाचण्या त्यांना लागू पडत नाहीत.

रोडिओलाची गोष्ट जिनसेंगहून लहान आणि जास्त बुचकळ्यात टाकणारी आहे. ही थंड प्रदेशात खडकांच्या कपारीत वाढणारी, मांसल पानांची वनस्पती. तिचं मूळ तोडलं की गुलाबासारखा वास येतो. सायबेरिया, स्कँडिनेव्हिया, आल्प्स या भागांत ती होते. लडाखमध्ये तिची एक बहीण उगवते. तिथले लोक तिला सोलो म्हणतात आणि कोवळ्या पानांची भाजी करतात. ऑगस्ट २०१९ मधल्या पंतप्रधानांच्या भाषणात सोलोचा उल्लेख आला आणि तिची ‘संजीवनी’ म्हणून देशभर चर्चा झाली. लेहच्या संरक्षण संशोधन संस्थेत तिच्यावर काम चालतं. मात्र लडाखची सोलो आणि थकव्याच्या चाचण्यांत वापरलेली सायबेरियाकडची रोडिओला या वेगळ्या जाती आहेत. एकीचे निष्कर्ष दुसरीला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

रोडिओलाचा बोलबाला झाला तो सोव्हिएत काळात. सैनिक, खेळाडू आणि पाळीत काम करणारे कामगार यांना ताण सोसायला मदत करणारी द्रव्यं तिथले शास्त्रज्ञ शोधत होते, आणि अशा द्रव्यांना त्यांनी ‘अ‍ॅडॅप्टोजेन’ हे नाव दिलं. आज बाटल्यांवर छापला जाणारा हा शब्द तिथूनच आला आहे. पण पाश्चात्त्य नियतकालिकांत सर्वांत जास्त दाखला दिला जातो तो आर्मेनियातल्या एका चाचणीचा. रात्रपाळी करणाऱ्या छप्पन्न तरुण डॉक्टरांना रोज १७० मिलिग्रॅम रोडिओला अर्क किंवा प्लासिबो दोन आठवडे दिला, मग दोन आठवडे विश्रांती, मग अदलाबदल करून पुन्हा दोन आठवडे. रात्रपाळी संपल्यावर त्यांना छोटी गणितं, स्मरणशक्तीचे आणि एकाग्रतेचे खेळ दिले. पहिल्या दोन आठवड्यांत रोडिओला घेणारे सरस ठरले. तिसऱ्या टप्प्यात, जेव्हा गट बदलले, तेव्हा हा फरक राहिला नाही. हा शेवटचा भाग रोडिओलाच्या प्रचारात सहसा सांगितला जात नाही. २००० साली आलेल्या या चाचणीचा पहिला अर्धा भाग मात्र आजही फिरतो आहे.

स्वीडनमध्ये २००९ साली ताणाने थकलेल्या साठ जणांवर अशीच चाचणी झाली. मात्रा मोठी होती, रोज ५७६ मिलिग्रॅम, चार आठवडे. दोन्ही गट सुधारले, रोडिओलाचा गट काही मापांवर जास्त सुधारला. या आणि आर्मेनियाच्या अशा दोन्ही चाचण्यांत तो अर्क तयार करणाऱ्या स्वीडिश संस्थेचे लोक संशोधकांमध्ये होते. त्यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण संस्थेशी संबंध नसलेल्या लोकांनी ते पडताळून पाहावेत ही अपेक्षा रास्त ठरते.

तशी पडताळणी कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात झाली. पाळीत काम करणाऱ्या अठ्ठेचाळीस नर्सिंग विद्यार्थ्यांना बेचाळीस दिवस रोडिओला किंवा प्लासिबो दिला. ३६४ मिलिग्रॅमची एक कॅप्सूल जागं झाल्यावर घ्यायची, आणि गरज वाटली तर पुढच्या चार तासांत आणखी एक. २०१४ मध्ये उत्तर आलं ते उलटं. उत्साह आणि थकवा मोजणाऱ्या प्रश्नावलीत रोडिओलाचा गट प्लासिबोपेक्षा मागे पडला, आणि हा फरक लहान नव्हता. माणसं थोडी होती, म्हणून रोडिओलाने थकवा वाढतो असं मी म्हणणार नाही. पण आर्मेनियाचे डॉक्टर आणि कॅनडाचे नर्सिंग विद्यार्थी दोघेही रात्री जागणारे, रुग्णसेवा करणारे तरुण होते. अशा सारख्या लोकांत एका ठिकाणी फायदा आणि दुसऱ्या ठिकाणी तोटा दिसत असेल, तर फायदा आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. युरोपीय औषध नियामक संस्थेने ताणामुळे येणाऱ्या तात्पुरत्या थकव्यासाठी रोडिओलाला मान्यता दिली आहे. ती ‘परंपरेने वापरात आहे’ या सदरात, चाचण्यांच्या जोरावर दिलेली नाही.

त्यात भेसळीची भर आहे. लंडनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये बाजारातल्या चाळीसएक रोडिओला उत्पादनांची रासायनिक तपासणी केली. त्यातल्या सुमारे एक पंचमांश उत्पादनांत रोझाव्हिन हे या वनस्पतीचं ओळख पटवणारं रसायनच नव्हतं. अनेकांत दुसऱ्याच, चीनमध्ये मिळणाऱ्या जातीचं मूळ असल्याचं दिसलं. बाटलीवर रोझाव्हिन आणि सॅलिड्रोसाइड या दोन्हींचे टक्के दिलेले नसतील, तर आत काय आहे याचा अंदाज बांधायलाही आधार नाही.

आता झोपेकडे येऊ. थकव्यावर औषध शोधणाऱ्या माणसाने आधी ज्याकडे पाहायला हवं ते हेच, आणि या दोन मुळांमुळे बिघडू शकतं तेही हेच. जिनसेंगच्या दुष्परिणामांत झोप न लागणं ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार आहे. १९७९ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मानसशास्त्रज्ञाने दीर्घकाळ जिनसेंग घेणाऱ्या १३३ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या काहींमध्ये निद्रानाश, चिडचिड, वाढलेला रक्तदाब आणि सकाळचे जुलाब अशी लक्षणं एकत्र दिसली. या पाहणीवर नंतर बरीच टीका झाली आणि ती योग्यच होती: तुलनेला दुसरा गट नव्हता, प्रत्येक जण वेगवेगळं उत्पादन मनाला येईल तितकं घेत होता आणि अनेक जण सोबत भरपूर कॉफीही पीत होते. तरी तिच्यातून एक उपयोगी गोष्ट हाती लागते. जिनसेंग आणि कॅफीन एकत्र घेणं झोपेला महागात पडू शकतं. आणि आपल्याकडे जिनसेंग घेणारा माणूस दुपारचा आणि संध्याकाळचा चहा बहुधा सोडत नाही. रोडिओलामुळेही काहींना रात्री टक्क जाग, छातीत धडधड, विचित्र स्वप्नं असा अनुभव येतो. म्हणून रोडिओलाच्या युरोपातल्या वापरात गोळी सकाळी आणि दुपारच्या जेवणाआधी घ्यायला सांगतात, त्यानंतर नाही.

हे ओळखायचं कसं? झोप लागायला पूर्वीपेक्षा अर्धा तास जास्त लागतो, पहाटे तीन-चारला जाग येऊन डोकं चालू राहतं, आणि दिवसा मात्र ‘बरं वाटतंय’ असं वाटतं. ही गोळी सुरू केल्यापासूनच्या पहिल्या आठवड्यांत दिसणारी खूण आहे. दिवसा वाटणारा तरतरीतपणा तेव्हा रात्रीच्या झोपेतून उसना घेतलेला असतो, आणि पुढच्या पंधरवड्यात तो थकवा दुप्पट होऊन अंगावर येतो. मग माणूस मात्रा वाढवतो.

कमी झोपेचा परिणाम रक्तातल्या साखरेवरही होतो. शिकागोत १९९९ मध्ये अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिलं. शिरेतून दिलेली साखर रक्तातून बाहेर काढण्याचा त्यांच्या शरीराचा वेग सुमारे चाळीस टक्क्यांनी मंदावला. हे तरुण मधुमेही नव्हते. ज्याला मधुमेह आहे आणि जो थकव्यासाठी जिनसेंग घेऊन झोप घालवतो, त्याच्या शरीरात दोन उलट ओढी एकाच वेळी लागतात, कारण जिनसेंग स्वतः साखर थोडी खाली आणू शकतं.

हे साखरेचं काम सर्वांत नीट तपासलं ते टोरोंटोतल्या एका गटाने. २००० साली त्यांनी दहा निरोगी आणि नऊ मधुमेही माणसांना ३ ग्रॅम अमेरिकी जिनसेंग दिलं आणि वर २५ ग्रॅम ग्लुकोज पाजलं. मधुमेहींमध्ये त्यानंतरची साखरेची वाढ सुमारे एक पंचमांशाने कमी झाली, मग जिनसेंग ग्लुकोजसोबत दिलं असो की चाळीस मिनिटं आधी. निरोगी माणसांमध्ये फरक पडला तो फक्त चाळीस मिनिटं आधी दिल्यावर. ही बातमी जगभर पसरली. पुढे याच गटाने दुसऱ्या खेपेचं अमेरिकी जिनसेंग घेऊन प्रयोग केला, तेव्हा काहीच परिणाम दिसला नाही. त्या खेपेत जिनसेनोसाइड कमी निघाले. आशियाई जिनसेंग दिल्यावर तर दोन तासांनंतरची साखर उलट वाढलेली आढळली. मुळाचं नाव एक, पण पीक कुठलं, खेप कुठली, यावर साखर खाली जाणार की वर हे ठरत होतं. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाला छेद देणारे निकाल याच संशोधकांनी प्रसिद्ध केले, म्हणून त्यांच्या कामावर माझा विश्वास बसतो.

२०१४ मध्ये सोळा चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा उपाशीपोटीची साखर सरासरी पाच-सहा मिलिग्रॅमने कमी झालेली आढळली. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी या तपासणीत मात्र फरक नव्हता. मधुमेहाचा उपचार म्हणून हे नगण्य आहे. पण नगण्य सरासरीचा अर्थ प्रत्येकाला धोका नगण्य असा होत नाही, विशेषतः जो आधीच साखर उतरवणाऱ्या गोळीवर आहे त्याला. रोडिओलाबद्दल प्रयोगशाळेतले आणि प्राण्यांवरचे निष्कर्ष आहेत, माणसांच्या साखरेवर भरवसा ठेवावा अशा चाचण्या जवळजवळ नाहीत. तेव्हा मधुमेहासाठी तिची शिफारस करणाऱ्याकडे त्यासाठी आधार नाही.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, साताऱ्यातले छप्पन्न वर्षांचे एक शिक्षक आहेत. दहा वर्षं मधुमेह, सकाळी ग्लिमेपिराइड आणि दोन्ही वेळा मेटफॉर्मिन. दुपारी तीननंतर फळ्यासमोर उभं राहवत नाही, अंगात त्राण नाही असं ते म्हणतात. अमेरिकेतल्या मुलीने विस्कॉन्सिनच्या जिनसेंगची बाटली पाठवली आहे, पाचशे मिलिग्रॅमच्या कॅप्सूल. ‘बाबा, रोज चार घ्या, यावर संशोधन झालंय,’ असं तिने सांगितलं. मात्रा मेयोच्या चाचणीतलीच आहे, मूळही तेच. तिचं चुकलेलं नाही. पण ते संशोधन ज्यांच्यावर झालं ते रुग्ण वेगळे होते.

या सरांच्या थकव्याला जिनसेंगआधी तपासण्याजोगी चार कारणं समोरच दिसतात. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं, आणि ते शाकाहारी असतील तर आणखीच. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एका रक्ताच्या नमुन्यात कळतात. ते रात्री मोठ्याने घोरत असतील आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो असं पत्नी सांगत असेल, तर झोपेतला श्वसनरोध हेच कारण असू शकतं, आणि त्यावर कोणतंही मूळ चालत नाही. चौथं कारण सगळ्यांत सहज नजरेतून सुटतं: दुपारी तीनचा गळाठा म्हणजेच साखर खाली जाणं असू शकतं. ग्लिमेपिराइड घेतलं, शाळेच्या गडबडीत डबा उशिरा खाल्ला किंवा अर्धाच खाल्ला, की घाम, हाताला कंप, भूक आणि गळून जाणं ही लक्षणं येतात. हाच ‘थकवा’ समजून त्यावर जिनसेंग घेतलं, तर साखर आणखी उतरू शकते. हे कळायला ग्लुकोमीटर पुरतो. त्या वेळी बोटाला टोचून पाहायचं. सत्तरच्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि डॉक्टरांकडून गोळीची मात्रा बदलून घ्यायची. रात्री साखर उतरत असेल, तर ओले झालेले कपडे, वाईट स्वप्नं आणि सकाळची डोकेदुखी यांवरून संशय घेता येतो. अशा झोपमोडीचा दोष जिनसेंगवर जाऊ शकतो, आणि जिनसेंगमुळे गेलेल्या झोपेचा साखरेवर. म्हणून मोजायला हवं.

तपासण्या नीट निघाल्या आणि सरांना तरीही करून पाहायचं असेल, तर डॉक्टरांना सांगून, साखरेच्या नोंदी ठेवून ते करता येईल. सुरू करण्याआधी एक आठवडा उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहायची, थकव्याला रोज दहापैकी गुण द्यायचे आणि झोपेचे तास लिहायचे. मग एक कॅप्सूल सकाळी आणि एक दुपारी. संध्याकाळनंतर काही नाही. आठवडाभर साखर सुरक्षित राहिली आणि झोप बिघडली नाही, तर मात्रा वाढवण्याचा विचार. आठ आठवड्यांनी वही पाहायची. चाचणीत फरक दिसायला तेवढा वेळ लागला होता, त्यामुळे आधी निराश होऊन सोडण्यात अर्थ नाही, आणि त्यानंतरही गुण हलले नसतील तर पुढे पैसे घालण्यात नाही.

सर वॉर्फरिन घेत असते, तर मात्र उत्तर सरळ ‘नको’ असं असतं. २००४ मध्ये शिकागोत निरोगी माणसांवर झालेल्या चाचणीत अमेरिकी जिनसेंगने रक्त पातळ ठेवणाऱ्या या औषधाचा परिणाम कमी केला. झडप बदललेल्या रुग्णात त्याचा अर्थ गुठळी होण्याचा धोका. रोडिओला यकृतातलं एक विकर मंदावते आणि त्यामुळे लोसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी शरीरात वेगळ्या पद्धतीने वागू शकते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर जिनसेंग किमान एक आठवडा आधी थांबवायला सांगतात, कारण रक्तस्राव आणि साखर या दोन्हींवर त्याचा परिणाम होऊ शकतो. भूलतज्ज्ञ औषधांची यादी विचारतात तेव्हा रुग्ण ही बाटली सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषध नसतंच. यादीत तिचं नाव, एका कॅप्सूलमधले मिलिग्रॅम आणि शेवटची कोणत्या दिवशी घेतली, हे तीन तपशील लिहून न्यावेत.